येणे व्याज आणि आगाऊ मिळालेले शुल्क: दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही खाती फुगलेली का दिसतात?

नवा_लेखनिक:

मी यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका लहान व्यवसायाचा जमाखर्च पाहतो. आमचे वर्ष 31 मार्चला संपते. व्यवसायाने मागच्या वर्षी 1 नोव्हेंबरला 4,00,000 ची मुदत ठेव ठेवली असून तिच्यावर दरसाल 9 टक्के सरळ व्याज मिळते. हे व्याज दर सहा महिन्यांनी, म्हणजे 30 एप्रिलला आणि 31 ऑक्टोबरला, 18,000 याप्रमाणे बँकेत जमा होते. त्याशिवाय एका मोठ्या ग्राहकाबरोबर देखभालीचा वार्षिक करार आहे. तो 1 जानेवारीला सुरू होतो आणि संपूर्ण वर्षाचे शुल्क त्याच दिवशी मिळते. पहिल्या करारात ही रक्कम 60,000 होती आणि या जानेवारीत नूतनीकरण करताना ती 72,000 झाली.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस मी पाच महिन्यांचे 15,000 व्याज येणे म्हणून दाखवले आणि शुल्कापैकी नऊ महिन्यांचे 45,000 आगाऊ मिळालेले म्हणून बाजूला काढले. या वर्षी मी मिळालेली प्रत्येक रक्कम, म्हणजे व्याजाचे दोन्ही हप्ते आणि 72,000 शुल्क, मिळाल्याबरोबर उत्पन्नात धरली. वर्षअखेरीस पुन्हा 15,000 व्याज येणे दाखवले आणि 54,000 शुल्क आगाऊ म्हणून बाजूला काढले.

आता कच्च्या तेरजेत येणे व्याज 30,000 आणि आगाऊ मिळालेले शुल्क 99,000 दिसते. उत्पन्नाच्या बाजूला व्याज 51,000 आणि देखभाल शुल्क केवळ 18,000 आहे. तेरजेच्या दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात, म्हणून चूक कोठे आहे हे मला सापडत नाही.

सरळ_हिशेब:

माझ्या मते व्याजाच्या बाबतीत वर्षअखेरची नोंद करण्याचीच गरज नाही. बँक 30 एप्रिलपूर्वी एक पैसाही देणार नाही, मग 31 मार्चला ते व्याज आपले झाले असे कसे म्हणता येईल? दोन्ही वर्षांच्या या नोंदी काढून टाका. तुम्हांला या वर्षी 18,000 दोनदा मिळाले, म्हणजे 36,000. ठेवीवरील 9 टक्के व्याजही बरोबर 36,000 होते. हिशेब आपोआप जुळतो.

जुनी_वही:

सरळ_हिशेब यांचा 36,000 हा आकडा बरोबर आहे, परंतु तो जुळतो याचे कारण त्यांनी दिलेले नाही. या वर्षाच्या सुरुवातीला मागचे पाच महिने येणे होते आणि शेवटीही पाचच महिने येणे आहेत. दोन्ही टोकांची रक्कम सारखी असल्यामुळे रोख मिळालेले व्याज आणि कमावलेले व्याज एकच दिसते. त्यांची पद्धत पहिल्या वर्षाला लावून पाहा. ठेव 1 नोव्हेंबरची आणि पहिला हप्ता 30 एप्रिलचा, म्हणून पहिल्या वर्षाचे व्याज शून्य येईल, जरी पैसे पाच महिने बँकेकडे होते. समजा ही ठेव पुढच्या 31 ऑक्टोबरला मोडली, तर त्या वर्षी ती केवळ सात महिने असूनही व्याज 36,000 दिसेल. प्रत्यक्षात सात महिन्यांचे व्याज 21,000 होते. हप्ता कोणत्या तारखेला मिळायचा आहे यावरून पैसे मागण्याचा दिवस ठरतो, उत्पन्नाचे वर्ष नव्हे. ठेवीवर दर महिन्याला 3,000 या गतीने व्याज साठत असते, मग बँक ते केव्हाही देवो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नवा_लेखनिक, तुमच्या वर्षअखेरच्या चारही नोंदी बरोबर आहेत. चूक त्या नोंदींच्या मधल्या काळात, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात झाली. मागच्या 31 मार्चला तुम्ही 15,000 येणे व्याज ताळेबंदात नेले, तेव्हा ते उत्पन्न मागच्या वर्षाच्या नफ्यात मोजून झाले होते. 30 एप्रिलला बँकेने 18,000 दिले, त्यातले 15,000 हे त्या जुन्या येण्याची वसुली होते आणि नवे उत्पन्न केवळ एप्रिलचे 3,000. तुम्ही मात्र पूर्ण 18,000 उत्पन्नात धरले. त्यामुळे तेच 15,000 दोन वर्षांत दोनदा उत्पन्न झाले आणि ज्या येण्याचे पैसे बँकेत जमाही झाले, ते येणे म्हणून वहीत तसेच राहिले. त्याच्यावर यंदाचे 15,000 चढले आणि शिल्लक 30,000 झाली.

तेरीज जुळते याचे आश्चर्य वाटून घेऊ नका. तुमची प्रत्येक नोंद नावे आणि जमा अशी दोन्ही बाजूंनी पूर्ण आहे. तेरीज केवळ बेरजा सांगते, एकच उत्पन्न दोनदा धरले हे ती सांगू शकत नाही. ते ओळखायचे असेल तर उत्पन्नाच्या आकड्याला त्याच्या मूळ कारणाशी ताडून पाहावे लागते. 4,00,000 वर 51,000 व्याज म्हणजे 12.75 टक्के झाले आणि तुमचा दर 9 टक्के आहे. एवढे एकच भागाकाराचे गणित पुरेसे होते.

नवा_लेखनिक:

व्याजाचा भाग आता स्पष्ट झाला, आपला आभारी आहे. मी पुढील दुरुस्ती नोंद लिहिली:

व्याज उत्पन्न खाते नावे 15,000
येणे व्याज खाते जमा 15,000

आता व्याज उत्पन्न 36,000 आणि येणे व्याज 15,000 अशी शिल्लक येते. शुल्काच्या बाबतीतही याच पद्धतीने 45,000 उत्पन्नातून वजा करायचे का? तसे केले तर देखभाल शुल्काची शिल्लक नावे बाजूला जाते, आणि ते मला पटत नाही.

जुनी_वही:

ते पटू नये हेच योग्य आहे, कारण शुल्काची चूक व्याजाच्या उलट दिशेची आहे. मागच्या वर्षी तुम्ही 60,000 पैकी केवळ जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचे 15,000 उत्पन्नात ठेवले आणि उरलेले 45,000 ग्राहकाच्या सेवेचे देणे म्हणून ताळेबंदात नेले. एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत तुम्ही ती सेवा दिली, म्हणजे ते देणे फिटले. तथापि हे सांगणारी कोणतीही घटना बाहेरून येत नाही. बँकेत पैसे येत नाहीत, पावती फाटत नाही, ग्राहक पत्र लिहीत नाही. म्हणूनच हे खाते विसरले जाते. येण्याच्या बाबतीत निदान पैसे जमा होण्याचा दिवस तरी आठवण करून देतो.

म्हणून येथे नोंद अशी हवी:

आगाऊ मिळालेले शुल्क खाते नावे 45,000
देखभाल शुल्क उत्पन्न खाते जमा 45,000

यानंतर आगाऊ शुल्काची शिल्लक 54,000 राहील आणि देखभाल शुल्काचे उत्पन्न 63,000 होईल. ते पडताळून पाहा. जुन्या कराराचे नऊ महिने, महिन्याला 5,000 प्रमाणे 45,000. नव्या कराराचे तीन महिने, महिन्याला 6,000 प्रमाणे 18,000. बेरीज 63,000. बारा महिने सेवा दिली आणि कोणत्याही महिन्याचा दर 5,000 पेक्षा कमी नव्हता, म्हणून 60,000 च्या खालचा कोणताही आकडा संशयास्पद समजायला हवा होता. तुमचा आकडा 18,000 होता.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला या प्रकरणातली सर्वांत धोक्याची वाटते. व्याजात नफा 15,000 ने जास्त दिसत होता आणि शुल्कात 45,000 ने कमी. एकूण नफ्यात मात्र 30,000 चाच फरक उरला. दोन्ही रकमा योगायोगाने सारख्या असत्या तर नफा अगदी बरोबर आला असता आणि ताळेबंदात एक खोटे येणे व तेवढेच खोटे देणे बसून राहिले असते.

उलट_फेर:

यावर साधा उपाय असा आहे की वर्षअखेरीस केलेली प्रत्येक समायोजन नोंद नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी उलटी करावी. मी अनेक वर्षे असेच करतो. 1 एप्रिलला व्याज उत्पन्न 15,000 ने नावे होते, त्यामुळे काही आठवडे त्या खात्यावर उलट शिल्लक दिसते. मग 30 एप्रिलला पूर्ण 18,000 जमा केले की उत्पन्न आपोआप 3,000 उरते. पैसे मिळताना त्यांची फोड करण्याची आठवण ठेवावी लागत नाही. सर्व समायोजने उलटवा, म्हणजे प्रश्नच राहत नाही.

जुनी_वही:

पद्धत चांगली आहे, परंतु "प्रत्येक" आणि "सर्व" या शब्दांना माझी हरकत आहे. नोंद उलटवायची की नाही हे आगाऊ पैसे मिळाले तेव्हा ते प्रथम कोणत्या खात्यावर जमा केले यावर ठरते. नवा_लेखनिक ते सरळ उत्पन्न खात्यावर जमा करतात आणि वर्षअखेरीस न कमावलेला भाग बाहेर काढतात, म्हणून त्यांची नोंद 1 एप्रिलला उलटवली तर योग्य उत्तर मिळते. पण काही ठिकाणी 72,000 आले की ते प्रथम आगाऊ शुल्क खात्यावरच जमा करतात आणि वर्षअखेरीस कमावलेले 18,000 उत्पन्नाकडे नेतात. तेथे ती नोंद उलटवली, तर मागच्या वर्षी कमावलेले 18,000 पुन्हा देणे म्हणून जिवंत होतील आणि नव्या वर्षाच्या उत्पन्नातून तेवढेच वजा होतील. ही चूक मी एका सहकाऱ्याच्या वहीत प्रत्यक्ष पाहिली आहे. संगणकातील प्रणालीत "आपोआप उलटवा" हा पर्याय सरसकट निवडलेला होता.

दुसरी अडचण मासिक पत्रकांची आहे. 1 एप्रिलला पूर्ण 45,000 उत्पन्नात टाकले तर एप्रिल महिना फार नफ्याचा दिसतो आणि पुढचे आठ महिने कोरडे. वर्षातून एकदाच हिशेब पाहणाऱ्याला याने फरक पडत नाही. दर महिन्याला पत्रक काढणाऱ्याने मात्र महिन्याला 5,000 असेच उत्पन्नाकडे न्यावे.

उलट_फेर:

आमच्याकडे पैसे नेहमी उत्पन्न खात्यावरच जमा होतात, त्यामुळे दुसरी शक्यता माझ्या लक्षात आली नव्हती. "सर्व" हा शब्द मागे घेतो. महिन्याच्या पत्रकाबद्दल मात्र माझे मत कायम आहे. लहान व्यवसायात दर महिन्याला अशी नोंद करण्याचे ठरवले की तिसऱ्या महिन्यापासून ती कोणीही करत नाही.

भाडेपावती:

माझा प्रश्न याच विषयाचा आहे असे मी समजतो. मी एक गाळा भाड्याने दिला आहे. भाडेकरूकडून सुरुवातीला तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेतली होती. ही रक्कम आगाऊ मिळालेली असल्यामुळे तिचीही महिन्यांनुसार वाटणी करून थोडी थोडी उत्पन्नात न्यावी का? शिवाय त्या भाडेकरूने मागील पाच महिन्यांचे भाडे दिलेले नाही आणि तो दूरध्वनीही उचलत नाही. ते पाच महिने येणे उत्पन्न म्हणून दाखवायचे का?

काटेकोर:

अनामत हे आगाऊ मिळालेले उत्पन्न नाही. आगाऊ भाड्याचे देणे आपण जागा वापरू देऊन फेडतो, अनामतीचे देणे पैसे परत करून फेडावे लागते. म्हणून ती महिन्यांच्या हिशेबाने झिजत नाही आणि भाडेकरू जाईपर्यंत पूर्ण रकमेने देणे म्हणून राहते. करारानुसार तुम्ही ती थकलेल्या भाड्यात वळती केली, तरच तेवढ्यापुरते चित्र बदलते, आणि तीही ज्या दिवशी वळती केली त्या दिवसाची नोंद असेल.

थकलेल्या पाच महिन्यांचे उत्तर इतके सोपे नाही. भाडे कमावले हे खरे, कारण जागा त्याच्या ताब्यात होती. तरीही वसुलीची आशा नसताना ती रक्कम नफ्यात मोजून वाटून टाकणे शहाणपणाचे नाही. मी उत्पन्न दाखवून त्याच्यासमोर बुडीत कर्जाची तरतूद करतो. इतर काही जण वसुली होईपर्यंत उत्पन्नच धरत नाहीत.

जुनी_वही:

काटेकोर यांच्याशी सहमत आहे. भर एवढीच घालतो की तीन महिन्यांची अनामत हातात असल्याने जोखीम पाच महिन्यांची नसून सुमारे दोन महिन्यांची आहे, अर्थात करार वळती करण्याची परवानगी देत असेल तर. तरतुदीची रक्कम ठरवताना हे पाहावे.

परीक्षार्थी_वाणिज्य:

क्षमा असावी, मला एक लहान शंका आहे. आमच्या सराव प्रश्नात येणे व्याज तेरजेतच दिलेले होते. मी ते उत्पन्नात मिळवले आणि ताळेबंदातही दाखवले. उत्तर चुकले.

काटेकोर:

तेरजेत दिसते याचा अर्थ ती नोंद आधीच झालेली आहे आणि उत्पन्नाच्या आकड्यात ती रक्कम मिसळलेली आहे. तुम्ही ती पुन्हा मिळवलीत. तेरजेतली बाब एकाच ठिकाणी, म्हणजे ताळेबंदात, जाते. तेरजेखालच्या सूचनेत दिलेली बाब दोन ठिकाणी जाते.

नवा_लेखनिक:

दोन्ही दुरुस्त्या केल्या. आता व्याज 36,000, देखभाल शुल्क 63,000, येणे व्याज 15,000 आणि आगाऊ शुल्क 54,000 असे आकडे आहेत आणि नफा आधीपेक्षा 30,000 ने वाढला.

परंतु 54,000 च्या आकड्याबद्दलच आता माझ्या मनात शंका आहे. नव्या करारात वर्षातून चार नियोजित भेटी देण्याचे ठरले आहे. ग्राहकाच्या विनंतीवरून त्यांपैकी दोन भेटी आम्ही मार्चपूर्वीच पूर्ण केल्या. अर्धे काम झाले असेल तर 72,000 पैकी 36,000 कमावले असे मानायला हवे, आणि आगाऊ रक्कम 36,000 राहते. महिन्यांनी मोजले तर 54,000. फरक 18,000 चा आहे आणि आमच्या नफ्याच्या मानाने तो लहान नाही.

काटेकोर:

भेटी हेच काम असेल तर भेटींनीच मोजायला हवे. महिने मोजणे ही केवळ सोय आहे. जेथे सेवा दररोज सारखी वाहते, जसे जागेचे भाडे किंवा ठेवीचे व्याज, तेथे महिने योग्य ठरतात. येथे अर्धे काम संपलेले असताना तीन चतुर्थांश पैसे देणे म्हणून दाखवणे म्हणजे झालेले उत्पन्न लपवणे होय.

जुनी_वही:

मी इतक्या लवकर महिने सोडणार नाही. बिघाड झाल्यास ग्राहकाला मधल्या काळात केव्हाही बोलावण्याचा हक्क आहे का, हे आधी पाहावे लागेल. असेल, तर ग्राहक केवळ चार भेटींचे पैसे देत नाही. वर्षभर कोणीतरी तयार उभे असावे याचेही देतो, आणि ती तयारी दररोज सारखीच खर्च होते. आयएफआरएस 15 या महसुलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकातही अशी सदैव तयार राहण्याची सेवा काळानुसार पूर्ण होणारी मानली जाते. मधल्या बोलावण्यांचा वेगळा आकार लागत असेल आणि करार खरोखर चार भेटींपुरताच असेल, तर काटेकोर बरोबर आहेत. दोन्ही गोष्टी एकाच शुल्कात असतील, तर रकमेची आधी दोन भागांत विभागणी करावी लागेल, आणि ती कोणत्या प्रमाणात हे करार न पाहता मी सांगू शकत नाही.

नवा_लेखनिक:

करारात लिहिले आहे की "वर्षातून चार नियोजित भेटी व आवश्यकतेनुसार दुरुस्ती सेवा", आणि शुल्क एकच आहे. सुटे भाग वेगळे आकारले जातात, मात्र येण्याजाण्याचे व कामाचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत.

काटेकोर:

मग विभागणी करावी लागेल असे दिसते. नियोजित भेटी वेगळ्या दिल्या असत्या तर आपण प्रत्येक भेटीचे किती घेतले असते, हा आकडा तुमच्याकडे आहे का?

उलट_फेर:

एक सूचना करतो. मागच्या वर्षी 45,000 काढताना महिनेच मोजले होते, आणि या वर्षीचे 63,000 त्याच पायावर उभे आहेत. या वर्षी भेटींनी मोजायचे ठरवले, तर जुन्या कराराच्याही किती भेटी मागच्या मार्चपूर्वी झाल्या होत्या हे काढावे लागेल. नाहीतर एका टोकाला एक माप आणि दुसऱ्या टोकाला दुसरे, अशा गणितातून आलेला फरक उत्पन्नात मिसळेल.

नवा_लेखनिक:

जुन्या कराराची मागच्या मार्चपूर्वी एकच भेट झाली होती, चारपैकी एक. म्हणजे महिन्यांनी मोजा किंवा भेटींनी, मागच्या वर्षीचा 45,000 चा आकडा बदलत नाही. प्रश्न केवळ या वर्षीच्या 54,000 चा उरतो. सुट्या भेटीचा दर आम्ही कधी ठरवलेला नाही. मालकांना विचारून आणि दोन्ही करारांच्या प्रती लेखापरीक्षकांना दाखवून ते काय म्हणतात ते येथे कळवतो. तोपर्यंत तेरजेत 54,000 ठेवले आहेत.